आकडा गळालेलं गणित

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त कमळांचं एक उदाहरण आहे. एका भक्ताने कमळांच्या राशीतला तिसरा हिस्सा शंकराला वाहिला, पाचवा विष्णूला, सहावा सूर्याला आणि चौथा देवीला. उरलेली सहा कमळं त्याने गुरूंना दिली. तर मूळ राशीत कमळं किती? ग्रंथ ११५० सालचा असला, तरी हे उदाहरण आजच्या सातवीच्या मुलालाही सोडवता येतं. उत्तर आहे १२०.

आता या उदाहरणाची एक झेरॉक्स काढली आणि तिच्यात नेमका कडेचा ‘सहा’ कापला गेला असं धरू. मुलाच्या हातात पडलं ते एवढंच : ‘उरलेली कमळं गुरूंना दिली, तर एकूण किती?’ मुलगा म्हणतो, गणित चुकीचं आहे. आई म्हणते, उद्या बाईंना विचार. मोठी ताई दहावीत, ती म्हणते, विचारायचं काय त्यात, समजा क कमळं उरली आणि सोडव.

आई आणि ताई दोघी बरोबर आहेत, फक्त त्यांचा क्रम ठरवायला हवा. माझं मत असं, की आधी ताईचं ऐकावं आणि मग आईचं. अक्षर घालून गणित पुढे नेलं, की विचारायची गरज आहे का आणि असल्यास नेमकं काय विचारायचं, हे ते गणितच सांगतं. मात्र काही वेळा अक्षर घालणं हा शुद्ध वेळकाढूपणा असतो. त्या वेळा कोणत्या, तेही ओळखता यायला हवं.

कमळांपासूनच सुरुवात करू. एकूण कमळं क्ष मानली आणि उरलेली क. वाहिलेले हिस्से म्हणजे एक तृतीयांश, एक पंचमांश, एक षष्ठांश आणि एक चतुर्थांश. छेद ६० केला, तर ते होतात २०, १२, १० आणि १५, बेरीज ५७. म्हणजे साठातले ५७ भाग देवांना गेले आणि तीन भाग उरले. साठातले तीन म्हणजे विसातला एक. उरलेली कमळं राशीचा विसावा हिस्सा आहेत, म्हणून

क्ष = २० × क

सहा हा आकडा नसतानाही गणित जवळजवळ पूर्ण झालं. अपूर्णांकांची सगळी मेहनत संपली, राहिला तो एक गुणाकार. उद्या बाईंनी ‘सहा’ म्हटलं, की १२० लिहायचं आणि वही मिटायची.

पण या ओळीतून आणखी एक गोष्ट हाती लागते. कमळं अख्खी वाहतात. राशीचे ३, ५, ६ आणि ४ असे सगळे भाग पूर्णांकात पडायचे, तर राशीला ६० ने भाग गेला पाहिजे. म्हणजे एकूण कमळं ६०, १२०, १८० अशीच असू शकतात आणि उरलेली ३, ६, ९ अशीच. आता मैत्रिणीने फोनवर सांगितलं, ‘अगं, तिथे आठ आहे,’ तर ताई तिथल्या तिथे म्हणू शकते, आठ असणं शक्य नाही, नीट बघ. आठ धरले तर रास १६० ची होते आणि शंकराच्या वाट्याला ५३ कमळं आणि वर एक पाकळी-दोन पाकळ्या येतात. आकडा हातात नव्हता तेव्हा केलेल्या कामामुळे, आकडा आल्यावर तो खरा की खोटा हे पारखता आलं. आकडा आधीच मिळाला असता तर ही पारख करायचं कुणाच्या मनातही आलं नसतं.

इथे वर्गात एक हमखास आक्षेप येतो : दोन अक्षरं आणि समीकरण एकच, मग हे सुटणार कसं? हुशार मुलंच हा आक्षेप घेतात आणि तीच पुढे फसतात. ती क ‘काढायला’ जातात. क्ष = २०क यावरून क = क्ष ÷ २० लिहितात, ते परत पहिल्या समीकरणात घालतात आणि शेवटी क्ष = क्ष अशी ओळ येते. मग पान फाडलं जातं. उत्तरपत्रिकेत अशी ओळ दिसली, की मुलाचं कुठे बिनसलं ते लगेच कळतं. जे काढायचंय आणि जे फक्त सांगायचं राहून गेलंय, या दोन्हींना त्याने एकाच पंगतीत बसवलं. क्ष हा शोधायचा आहे. क शोधायचा नाही. तो कुणाला तरी ठाऊक आहे, आपल्याला अजून कळलेला नाही, एवढंच. सोडवताना क ला आकड्यासारखंच वागवायचं : त्याला गुणायचं, भागायचं, बाजू बदलायची, आणि उत्तरात तो राहिला तर राहू द्यायचा.

हा फरक आज साधा वाटतो, पण तो रुळायला फार वेळ लागला. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त अज्ञात राशींना यावत्तावत्, काळक, नीलक, पीतक अशी नावं आहेत. एकाहून अधिक अज्ञातं असली, तरी त्यांना रंग कमी पडत नाहीत. ज्ञात संख्या मात्र ‘रूप’ म्हणून आकड्यातच लिहायची. युरोपातही साधारण तीच तऱ्हा होती. ज्ञात संख्यांनाही पद्धतशीरपणे अक्षरं द्यायची, हे काम फ्रान्समधल्या फ्रांस्वा व्हिएत या पेशाने वकील असलेल्या गणितज्ञाने १५९१ मध्ये छापलेल्या पुस्तकात केलं. अज्ञातांना त्याने स्वर दिले आणि ज्ञातांना व्यंजनं. पुढे १६३७ मध्ये देकार्तने वर्णमालेतली सुरुवातीची अक्षरं ज्ञातांना आणि शेवटची अज्ञातांना दिली, ती वहिवाट अजून शाळेत चालू आहे. आकडा गळालेलं उदाहरण सोडवताना ताई नकळत व्हिएतचीच युक्ती वापरते.

‘लीलावती’त हे उदाहरण सोडवलंय ते मात्र वेगळ्या रीतीने. तिला इष्टकर्म म्हणतात. उत्तर म्हणून सोयीची कोणतीही संख्या धरायची, तिच्यावर उदाहरणातल्या सगळ्या क्रिया करायच्या आणि जे येईल त्याची दिलेल्या संख्येशी तुलना करायची. रास ६० धरली, तर उरतात तीन. उदाहरणात उरलीत सहा, म्हणजे दुप्पट. म्हणून रासही दुप्पट, १२०. स्पर्धा परीक्षांच्या शिकवणीत आज हीच रीत जोरात चालते. अंतर दिलं नसेल तर १२० धरा, किंमत दिली नसेल तर १०० धरा आणि उत्तर काढून मोकळे व्हा. रीत चांगली आहे, पण ती कधी दगा देते ते सहसा सांगितलं जात नाही. त्यासाठी एक दुसरं उदाहरण घेऊ.

एक मोटारसायकलस्वार एका गावाहून दुसऱ्या गावाला ताशी ६० किलोमीटर वेगाने गेला आणि त्याच रस्त्याने ताशी ४० च्या वेगाने परत आला. सगळ्या प्रवासाचा सरासरी वेग किती? गावं किती लांब ते दिलेलं नाही. घाईत असलेला माणूस ५० म्हणतो आणि चुकतो, कारण कमी वेगाने केलेल्या परतीच्या वाटेला वेळ जास्त लागलेला असतो. शिकवणीतला मुलगा अंतर १२० धरतो : जायला दोन तास, यायला तीन, एकूण २४० किलोमीटर पाच तासांत, म्हणजे ताशी ४८. हे उत्तर बरोबर आहे.

पण ते का बरोबर आहे? अंतर क धरलं, तर जायला क ÷ ६० तास आणि यायला क ÷ ४० तास लागतात. दोन्ही मिळून क ÷ २४ तास होतात. एकूण अंतर २क. भागाकार केला, की क वर आणि खाली दोन्हीकडून उडतो आणि ४८ उरतात. गावं दहा किलोमीटरवर असोत की हजारावर, सरासरी तीच. इथे अंतर विचारायला जाणं फुकट आहे. ते सांगितलं गेलं असतं, तरी उत्तरात त्याचा काही उपयोग नव्हता.

हे आधीच ओळखता येतं का? येतं, एकक पाहून. उत्तर वेगाचं हवं आहे, म्हणजे ‘ताशी किलोमीटर’. दिलेली दोन्ही मापं वेगाचीच आहेत. अंतराला उत्तरात यायचं असेल, तर त्याचे ‘किलोमीटर’ खोडून काढायला दुसरी एखादी लांबी हवी, नाहीतर एखादा कालावधी हवा, ज्याला वेगाने गुणून लांबी करता येईल. उदाहरणात असं काहीच नाही. बिचाऱ्या अंतराला जोडीदारच नाही, तर ते उत्तरात येणार कसं? म्हणून ते उडणारच, हे पेन उचलायच्या आधी सांगता येतं. उलट त्याच प्रवासाला ‘एकूण वेळ किती लागला?’ असं विचारलं, तर उत्तर तासांत हवं. नुसत्या वेगांतून तास निघत नाहीत, अंतर लागणारच. उत्तर क ÷ २४ तास, त्यापुढे एक पाऊलही टाकता येत नाही.

आता त्याच उदाहरणात फक्त एक वाक्य वाढवू : ‘वाटेत तो अर्धा तास चहाला थांबला.’ सरासरी वेग काढताना हा अर्धा तासही धरायचा आहे. अंतर अजूनही दिलेलं नाही.

शिकवणीतला मुलगा सवयीप्रमाणे १२० धरतो. २४० किलोमीटर, साडेपाच तास, म्हणजे ताशी सुमारे ४३.६. पर्यायांत जवळपास काही असलं तर खूण करून पुढच्या प्रश्नाला जातो. पण त्याने १२० ऐवजी ६० धरले असते तर उत्तर ४० आलं असतं, आणि २४० धरले असते तर ४५.७. रीत तीच, उत्तरं तीन. सगळं एकाच प्रमाणात लहान-मोठं होतं, तोवर सोयीची संख्या धरणं चालतं. अर्धा तास मात्र गावांच्या अंतराबरोबर वाढत किंवा घटत नाही. तो आहे तेवढाच राहतो आणि तिथे प्रमाण मोडतं. भास्कराचार्यांनी इष्टकर्म कुठे वापरायचं ते नीट ओळखून वापरलं होतं, आपण ते सरसकट वापरतो.

संख्या धरूनच काम करायचं असेल तर निदान दोन धराव्यात. दोन्हींनी उत्तर वेगळं आलं तर आकड्यावाचून भागणार नाही, हे नक्की झालं. एकच आलं तर अंतर उडत असावं असा भक्कम संशय घ्यायला हरकत नाही. त्याला सिद्धता म्हणता येणार नाही, ती अक्षरानेच मिळते.

तर अक्षर घालू. एकूण वेळ क ÷ २४ अधिक अर्धा तास, म्हणजे (क + १२) ÷ २४ तास. एकूण अंतर २क. सरासरी वेग :

४८क ÷ (क + १२)

या वेळी क उडाला नाही. का उडाला नाही, तेही दिसतं : अर्ध्या तासाने त्याला जोडीदार मिळवून दिला, तो १२. हे १२ म्हणजे किलोमीटर. गाव एका बाजूने २४ किलोमीटर लांब असेल तर जाऊन येऊन एक तास लागतो, म्हणजे अर्ध्या तासाला १२ किलोमीटर पडतात. चहाला अर्धा तास थांबणं म्हणजे वेळेच्या हिशेबात गाव १२ किलोमीटर आणखी लांब असणं.

हे सूत्र घाईने ‘अपुरी माहिती’ म्हणून सोडून देण्यासारखं नाही. क कितीही मोठा घेतला, तरी उत्तर ४८ ला पोचत नाही, कारण छेदात नेहमी १२ जास्त असतात. म्हणजे वरची मर्यादा कळली. गाव १२ किलोमीटरवर असेल तर सरासरी २४, म्हणजे न थांबता आला असता त्याच्या निम्मी. २४ वर असेल तर ३२, ६० वर असेल तर ४०, १३२ वर असेल तर ४४. गाव जवळ असेल तेव्हा अंतरातला थोडा फरकही उत्तर हलवतो. गाव लांब असेल तेव्हा मात्र त्याला कोणी विचारत नाही : २४० चे ३०० किलोमीटर झाले, तरी सरासरीत अर्ध्या किलोमीटरचीही भर पडत नाही.

इथे विचारण्याचं स्वरूपच बदलतं. ‘अंतर दिलेलं नाही’ अशी तक्रार घेऊन जाण्याऐवजी आपण विचारतो, ‘गाव साधारण ५० किलोमीटरच्या आत आहे की दोनशेच्या पुढे?’ दोनशेच्या पुढे आहे एवढं कळलं, तरी उत्तर ४५ आणि ४८ च्या मध्ये कुठेतरी आहे असं सांगता येतं, आणि रोजच्या व्यवहारात तेवढं पुष्कळदा पुरतं. पन्नासच्या आत असेल तर मात्र नेमकं अंतर विचारल्याशिवाय गत्यंतर नाही.

आता आईची बाजू. काही उदाहरणांत आकडा हरवलेला नसतो, संबंधच हरवलेला असतो. तिथे अक्षर घालून काही साधत नाही. मोटारसायकलस्वार ‘त्याच रस्त्याने’ परत आला, हे शब्द गळाले असते तर? परतीचं अंतर ख मानता येईल, पण मग उत्तरात क आणि ख दोन्ही राहतील आणि दोघांचं नातं काय ते कोणतंही समीकरण सांगणार नाही. थांब्याचा अर्धा तास सरासरीत धरायचा की नाही, हेही स्पष्ट नसलं तर तिथे दोन निरनिराळी उदाहरणं तयार होतात. अशा वेळी एका वाक्यात सरळ विचारावं : ‘परतीचा रस्ता तोच का? थांबा धरायचा का?’ पानभर बीजगणित करून शेवटी हेच विचारायचं असेल, तर ते पान कशाला खराब करायचं?

याचं टोकाचं उदाहरण फ्रान्समधलं आहे. जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? १९८० च्या सुमारास ग्रनोबल इथल्या गणित-शिक्षणाच्या संस्थेने हा प्रश्न प्राथमिक शाळेतल्या ९७ मुलांना घातला. त्यातल्या ७६ मुलांनी दिलेले आकडे जुळवून वय काढलं. स्टेला बारूक यांनी पुढे १९८५ मध्ये या प्रकारावर पुस्तकच लिहिलं आणि त्याला कप्तानाच्या वयाचंच नाव दिलं. हा प्रश्न अक्षराने सोडवायला जा : कप्तानाचं वय व. मेंढ्यांशी व चा संबंध? नाही. शेळ्यांशी? नाही. पाटीवर व तसाच एकटा उभा राहतो. कमळांच्या उदाहरणात क घातल्याबरोबर तो क्ष शी बांधला गेला होता. घातलेलं अक्षर कशाशीच बांधलं जात नसेल, तर उदाहरणात काय नाही ते दोन ओळींत उघड होतं. तरीही ३६ लिहिणाऱ्या मुलांना मी फार दोष देणार नाही. ज्या वर्गात प्रत्येक प्रश्नाला आकडाच उत्तर असतो आणि दिलेला प्रत्येक आकडा वापरावाच लागतो, तिथे दोन वर्षं काढलेलं मूल दुसरं काय करणार?

परीक्षेच्या खोलीत तर विचारायची सोयच नसते. पर्यवेक्षकाला उत्तर देता येत नाही आणि बहुतेक वेळा ते ठाऊकही नसतं. तिथे पर्याय बघावेत. सगळे पर्याय नुसत्या आकड्यांचे असतील आणि एककांच्या हिशेबाने अंतर उडत असेल, तर बिनधास्त सोडवावं. पर्याय आकड्यांचे आहेत पण अंतर उडत नाही, तर छपाईत काहीतरी गळालं असण्याची शक्यता मोठी. मग सूत्र लिहून प्रत्येक पर्याय उलट बाजूने तपासावा. चहाच्या उदाहरणात पर्याय ४०, ४५, ४८ आणि ५० असतील, तर ४८ आणि ५० लगेच बाद होतात, कारण सूत्राचं उत्तर ४८ च्या खालीच राहतं. ४० साठी अंतर ६० लागतं आणि ४५ साठी १८०. दोन्ही शक्य आहेत, त्यामुळे यापुढचा अंदाज हा प्रश्नकर्त्याच्या सवयीचा अंदाज असेल, गणिताचा नाही, हे लक्षात ठेवून खूण करावी.

लेखी उत्तर असेल तर पहिल्या ओळीत स्पष्ट लिहावं : ‘अंतर दिलेलं नाही, ते क किमी मानलं.’ मग सूत्रापर्यंत यावं, क ची कोणती मूल्यं चालतील ते लिहावं, आणि हवं तर शेवटी एका मूल्याला उत्तर काढून दाखवावं, ‘उदाहरणार्थ क = ६० असल्यास ४०’. मात्र सूत्र न लिहिता नुसतं ‘अंतर ६० धरलं’ असं करू नये. तपासणाऱ्याच्या नमुना उत्तरात १३२ असेल, तर दुसऱ्या पेपरात ४० बघून तो शून्य देईल आणि त्याला चूक म्हणता येणार नाही. पण समोर ४८क ÷ (क + १२) असेल, तर त्याला फक्त क च्या जागी १३२ घालून ४४ येतात का ते बघायचं आहे.